43 सेकंद आणि दोन रोजकीर्दी

21 ऑक्टोबर 2018 रोजी गिटहब कंपनीच्या जाळ्यातला, बिघडत चाललेला एक ऑप्टिकल भाग बदलण्याचं काम चालू होतं. त्या कामात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं मुख्य डेटा सेंटर बाकीच्या जाळ्यापासून तुटलं. 43 सेकंदांत जोडणी परत आली, पण सेवा पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटं लागली.

गिटहबचा डेटा मायएसक्यूएलमध्ये होता. कोणत्या सर्व्हरवर लिहायचं हे ठरवायला ऑर्केस्ट्रेटर नावाची वेगळी यंत्रणा होती आणि तिचे भाग राफ्ट या पद्धतीने, बहुमताने निर्णय घेत. पूर्वेचं केंद्र दिसेनासं झाल्यावर उरलेल्या भागांनी बहुमत जमवलं आणि लिहिण्याचा अधिकार पश्चिम किनाऱ्याकडे दिला. पण पूर्वेकडच्या सर्व्हरांवर काही नोंदी अशा होत्या, की त्या पश्चिमेला पोहोचल्याच नव्हत्या. एका गर्दीच्या क्लस्टरवर अशा 954 नोंदी निघाल्या. तोवर पश्चिमेकडे नव्या नोंदी सुरू झाल्या होत्या. दोन वह्या, दोन्हींत काही ना काही कमी, आणि एक फेकून दुसरी ठेवायची सोय नाही.

प्रमुख कोण, हे इथे बहुमताने ठरलं होतं. वहीत काय लिहिलं गेलं, हे मात्र बहुमताने ठरलेलं नव्हतं.

जुन्या पेढीत आधी रोजकीर्द लिहीत आणि तिच्यावरून खतावणी करत. डेटाबेसचंही तसंच असतं. आलेला प्रत्येक बदल क्रमाने लॉगमध्ये, म्हणजे रोजकीर्दीत उतरतो आणि शिल्लक त्यावरून निघते. पाच सर्व्हरांवर रोजकीर्द त्याच नोंदींची, त्याच क्रमाने असेल तर पाचांची खतावणीही जुळते. म्हणून सगळा प्रश्न रोजकीर्द एकसारखी ठेवण्याचा आहे. राफ्टमध्ये ते कसं होतं ते पाहू. ही पद्धत स्टॅनफर्डच्या डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी 2014 मध्ये मांडली.

अ, ब, क, ड, इ असे पाच सर्व्हर धरा. अ हा लीडर आहे. ग्राहकाची नोंद फक्त तोच घेतो, तिला क्रमांक देतो, समजा सातवा, आणि बाकीच्यांना पाठवतो. सोबत सहाव्या नोंदीची ओळखही पाठवतो. ज्याच्याकडे सहावी नोंद तीच नसेल तो सातवी घेत नाही. मग लीडर एकेक पाऊल मागे जातो, जुळणारी जागा सापडली की तिथून पुढची पानं नव्याने लिहून देतो. स्वतः धरून तिघांच्या डिस्कवर सातवी नोंद उतरली की ती पक्की झाली. त्यानंतरच अ ग्राहकाला ‘झालं’ म्हणतो. उरलेल्या दोघांसाठी तो थांबत नाही.

आता सातवी नोंद अ, ब, क यांच्याकडे आहे आणि अ बंद पडला. लीडरकडून ठरावीक वेळ काही ऐकू आलं नाही की फॉलोअर स्वतः उमेदवार होतो. ही वेळ प्रत्येकाची वेगळी, यदृच्छेने ठरते. मूळ लेखात 150 ते 300 मिलिसेकंदांचं उदाहरण आहे. समजा ड आधी जागा झाला. तो कारकिर्दीचा क्रमांक, ज्याला टर्म म्हणतात, एकने वाढवतो आणि मतं मागतो. त्याला तीन मतं हवीत. स्वतःचं आहे, इ देईल. तिसरं ब किंवा क यांच्याकडूनच यायला हवं, आणि नियम असा की उमेदवाराची रोजकीर्द आपल्यापेक्षा मागे असेल तर मत द्यायचं नाही. ब आणि क नकार देतात. शेवटी त्या दोघांपैकीच कुणीतरी निवडून येतो आणि सातवी नोंद टिकते. पाचांपैकी कोणत्याही दोन बहुमतांत निदान एक सर्व्हर सामाईक असतोच. पद्धतीचा सारा भार या साध्या अंकगणितावर आहे, आणि मला ती गोष्ट फार सुंदर वाटते.

नोंद फक्त अ आणि ब यांच्याकडे पोहोचली असताना अ गेला, तर? ब निवडून आला तर ती टिकेल, ड आला तर पुसली जाईल. दोन्ही चालतं, कारण ग्राहकाला अजून होकार दिलेलाच नव्हता. ग्राहकाला मात्र काय झालं ते कळत नाही. म्हणून त्याने प्रत्येक विनंतीला स्वतःचा क्रमांक द्यायचा, म्हणजे पुन्हा पाठवली तरी पैसे दोनदा वळते होत नाहीत. तुटलेला जुना लीडर परतला, की मोठा टर्म पाहून पायउतार होतो आणि आपल्या अपक्क्या नोंदी सोडून देतो. गिटहबच्या त्या नोंदी अशा रोजकीर्दीत असत्या, तर बहुमतापर्यंत न पोहोचलेल्या एकाही नोंदीला ‘झालं’ असं उत्तर गेलं नसतं. त्याची किंमत म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाच्या पोचपावतीची वाट प्रत्येक नोंदीला पाहावी लागली असती. आणि पाचांपैकी तीन सर्व्हर गेले, तर राफ्ट चुकीचं लिहीत नाही, पण लिहायचं थांबतं.

टू-फेज कमिट पुष्कळदा याच पद्धतीचा जुना अवतार समजला जातो. तसं नाही. तिथे प्रश्नच वेगळा आहे. पैसे देणाऱ्याचं खातं एका सर्व्हरवर आणि दुकानदाराचं दुसऱ्यावर आहे. दोघांकडे एकाच वहीच्या प्रती नाहीत, दोन वेगळ्या वह्या आहेत. एकीत नावे पडलं तर दुसरीत जमा झालंच पाहिजे. समन्वयक दोघांना ‘तयार?’ असं विचारतो. प्रत्येक जण बदल डिस्कवर उतरवतो, खात्यावर कुलूप लावतो आणि होकार देतो. शिल्लक अपुरी असेल तर नकार देतो, आणि एकाचा नकार सगळ्यांना बांधतो. राफ्टचा फॉलोअर मजकूर पटला नाही म्हणून नोंद नाकारू शकत नाही. इथे तो अधिकारच मुख्य आहे. म्हणून इथे बहुमताचा उपयोग नाही. तीन खात्यांपैकी दोन तयार आहेत म्हणून तिसऱ्या रिकाम्या खात्यातून पैसे काढता येत नाहीत.

खरी अडचण होकारानंतर येते. दोघांनी होकार दिला, समन्वयकाने निर्णय लिहिला आणि कळवण्याआधीच तो बंद पडला. आता दोघेही अडकले. कदाचित निर्णय ‘करा’ असेल, कदाचित एकाचं उत्तर उशिरा पोहोचल्याने ‘सोडा’ असेल. एकमेकांना विचारूनही उलगडा होत नाही. समन्वयक परत येऊन आपल्या डिस्कवरचा निर्णय वाचेपर्यंत कुलपं तशीच राहतात. डेटा बिघडत नाही, पण त्या खात्यांना हात लावू पाहणारा प्रत्येक व्यवहार रांगेत उभा राहतो. पोस्टग्रेसमध्ये असे लटकलेले व्यवहार दिसतात:

```sql
SELECT gid, prepared, database
FROM pg_prepared_xacts
ORDER BY prepared;
```

`prepared` या रकान्यात तासाभरापूर्वीची वेळ दिसली, तर कुणीतरी होकार देऊन ताटकळत बसलं आहे, असं समजावं. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केल्याने ते सुटत नाही, कारण होकार डिस्कवर आहे. तो घाईने हाताने रद्द केला आणि दुसरीकडे निर्णय ‘करा’ असा पोहोचलेला असला, तर जमा आहे आणि नावे नाही, अशी वही तयार होते. म्हणून आधी समन्वयकाची नोंद शोधायची.

गूगलच्या स्पॅनर डेटाबेसने, ज्याचं वर्णन 2012 मध्ये प्रसिद्ध झालं, दोन्ही पद्धती एकीवर एक ठेवल्या. टू-फेज कमिटमधला प्रत्येक सहभागी तिथे एकटा सर्व्हर नाही, तर बहुमताने रोजकीर्द राखणारा गट आहे, आणि समन्वयकही तसाच गट आहे. ही रोजकीर्द राफ्टच्या आधीच्या पॅक्सॉस पद्धतीने राखली जाते. समन्वयकाचा एक सर्व्हर गेला, तरी त्याच्या निर्णयाची नोंद गटातल्या बहुमताकडे असते. नवा लीडर ती वाचतो आणि सहभागींना कळवतो. सहभागी सगळे लागतात हा नियम मात्र तसाच राहतो. व्यवहारातल्या तीन गटांपैकी एकाचं बहुमतच गेलं, तर उरलेले दोन धडधाकट गट आपली कुलपं धरून त्याची वाट पाहतात.