पासपोर्टवरच्या नावातलं चुकलेलं अक्षर

समजा, ज्योत्स्नाताईंच्या पासपोर्टवर JYOTSNA ऐवजी JYOSTNA छापलं गेलंय. दहा वर्षं तशीच निघाली, आता मुदत संपत आलीय. चुकीचं अक्षर त्याच पुस्तिकेत खोडून दुरुस्त होत नाही, नवी पुस्तिकाच निघते. त्यामुळे नूतनीकरणाच्या वेळी हे काम उरकणं सोयीचं. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो. मात्र फॉर्ममध्ये Re-issue निवडल्यावर नुसतं ‘मुदत संपली’ सांगून भागत नाही. Change in Existing Personal Particulars हे कारण देऊन नावातला बदल स्पष्ट नोंदवावा लागतो.

मग प्रश्न येतो पुराव्याचा. ताईंकडे कागद पुष्कळ आहेत, पण सगळ्यांचं वजन सारखं नाही. जन्मदाखला सर्वांत जुना म्हणून सर्वांत भक्कम, असं आपण धरून चालतो. पण ग्रामपंचायतीचा जुना दाखला पाहा, त्यावर नाव फक्त मराठीत. मराठी शाळेतल्या दाखल्याचंही बहुधा तेच. दोन्हींवरून ताई ‘ज्योत्स्ना’ आहेत हे कळतं, इंग्रजीत T आधी की S आधी, हे नाही. ते ठरवायला माझ्या मते सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र. त्यावर नाव इंग्रजीत असतं, ते सरकारी मंडळाने दिलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे ते पासपोर्टच्या कितीतरी आधीचं असतं. जन्मदाखला इंग्रजीतही असेल, तर तो आणि दहावीचं प्रमाणपत्र अशी जोडी हाती असलेली उत्तम.

आधारचं दुखणं वेगळंच. ताईंनी आधार काढताना पासपोर्टच दाखवला होता, म्हणून त्यावरही JYOSTNA. आता चुकीला चुकीचीच साक्ष! अशा वेळी दहावीच्या प्रमाणपत्रावर आधी आधार दुरुस्त करून घ्यावं. पण जपून, आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आणि कालपरवा दुरुस्त केलेलं आधार एकटं पुढे केलं, तर त्यावरून इतकंच दिसतं की तुम्ही ते कालपरवा बदललंत. जुना कागद सोबत हवाच. पॅनवर स्पेलिंग बरोबर असेल तर आधाराला तेही न्यावं.

अक्षरांची अदलाबदल ही किरकोळ दुरुस्ती. नाव किंवा आडनावच बदलायचं असेल तर मामला राजपत्रापर्यंत जाऊ शकतो.

सेवा केंद्रात पहिल्याच काउंटरवर तुमची माहिती पडद्यावर दाखवतात. तिथे मान डोलावण्याआधी नाव एकेक अक्षर करून वाचा, वडिलांचं आणि आईचंही. नव्या पासपोर्टनंतर जुन्या स्पेलिंगचा व्हिसा चालू असेल, तर तिकीट काढण्याआधी त्या दूतावासाला विचारून घ्या. जुनी पुस्तिका रद्दचा शिक्का मारून परत मिळते, ती टाकून देऊ नका.