काचेच्या छपराखालचा मे महिना

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या नव्या घरांमध्ये मधला चौक किंवा जिन्यावरची मोकळी जागा काचेनं झाकलेली आता बऱ्याच ठिकाणी दिसते. उजेड भरपूर, पाऊस आत नाही, माकडांचा त्रास नाही. मार्चपर्यंत घरातली सगळी मंडळी तिथंच बसतात. एप्रिल लागला की खुर्च्या उचलून आतल्या खोलीत जातात, आणि मग सल्ले सुरू होतात: काळी काच लावा, डबल काच लावा, पडदा ओढा, पंखा बसवा. यातला प्रत्येक सल्ला थोडा खरा आहे. पैसे वाया जातात ते उरलेल्या भागावर.

आधी ऊन नेमकं कुठून येतं ते पाहू. हिंगोली साधारण 19.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे 17-18 मेच्या सुमारास सूर्य दुपारी साडेबाराच्या थोडं आधी बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी दक्षिणेच्या उभ्या खिडकीवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही, सगळं आडव्या छपरावर ओतलं जातं. युरोपात काचेच्या खोल्या बांधतात त्या हिवाळ्यातलं तिरपं, दुबळं ऊन गोळा करायला. आपण त्याच काचेचं तोंड मेमधल्या सूर्याकडे करून ठेवतो.

दहा फूट बाय बारा फुटांचा चौक धरा, म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर काच. निरभ्र दुपारी दर चौरस मीटरवर साडेनऊशे वॅटच्या आसपास ऊन पडतं. साधी पारदर्शक काच त्यातलं पाऊण हिश्शाहून थोडं जास्त आत सोडते, म्हणजे आठ किलोवॅटच्या घरात. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे नुसतं काचेतून आलेलं ऊन उपसायलाच दोन टनांहून मोठं यंत्र हवं. माणसं, स्वयंपाक आणि तापलेल्या भिंती यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

आता डबल काच. दोन काचांमध्ये हवेची पोकळी असली की उष्णता अडते, हे बरोबर. पण अडते कोणती? बाहेर 43 अंश आणि आत 30 अंश असताना साध्या काचेतून फक्त तापमानातल्या फरकामुळे येणारी उष्णता या चौकात आठशे वॅटच्या आसपास भरते. डबल काच ती निम्म्यावर आणते. उन्हाचे आठ किलोवॅट मात्र दोन्ही पारदर्शक काचांतून फार तर सात-सव्वासातवर उतरतात. बराच खर्च करून आपण लहान वाटेवर दार लावलं, मोठी वाट उघडीच राहिली. रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत किंवा रस्त्याचा आवाज अडवायला डबल काचेला अर्थ आहे. पण चौक तापतो म्हणून ती घ्यायची असेल, तर त्यातली बाहेरची काच ऊन परतवणारी असली पाहिजे.

काळ्या काचेचा गैरसमज सगळ्यात चिवट आहे, कारण डोळ्यांना ती थंड वाटते. पण सूर्याची निम्म्याच्या आसपास ऊर्जा डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे रंगावरून उष्णतेचा अंदाज चुकतो. राखाडी किंवा तपकिरी काच ऊन परत पाठवत नाही, स्वतःत शोषून घेते. मग ती स्वतः तापते आणि त्यातली बरीच उष्णता खाली सोडते. आपल्या चौकात आठ किलोवॅटचे सहा होतात आणि वर अंधारही येतो. अशा काचेखाली उभं राहून डोकं तापत असेल, तर समजावं की आता काचच शेगडी झाली आहे.

खरेदी करताना रंग किंवा जाडी विचारण्यापेक्षा 'एसएचजीसी' किती, ते विचारावं. पडलेल्या उन्हातला किती हिस्सा उष्णता म्हणून आत येतो, त्याचा हा आकडा. साध्या काचेचा 0.8 च्या आसपास असतो, चांगल्या सोलर कंट्रोल काचेचा 0.3 किंवा त्याखाली. सरकारच्या 2017 च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेनं व्यावसायिक इमारतींच्या छपरातल्या काचेसाठी 0.35 ची मर्यादा घातली आहे. घरासाठीही तीच धरायला हरकत नाही. 'लो-ई' एवढ्या शब्दावर मात्र भुलू नये. त्यातल्या काही काचा थंड देशांसाठीच्या असतात. त्या ऊन आत घेतात आणि खोलीतली ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. दुकानदाराला आकडा सांगता येत नसेल, तर दोन नमुने उन्हात शेजारी शेजारी धरून पाच मिनिटं त्यांच्याखाली तळवे ठेवावेत. फरक कळतो.

छप्पर आधीच बसवलेलं असेल तर काच बदलण्याआधी पडद्याची जागा बदलावी. खोलीच्या आतून ओढलेला पडदा ऊन अडवतो खरा, पण ते काचेतून आत आल्यानंतर. पडदा तापतो आणि ती उष्णता तिथंच घुटमळते. पांढरा असेल तर काही ऊन परत जातं, गडद असेल तर फारच थोडं. तेच आवरण काचेच्या वर घातलं तर तापलेली जाळी बाहेरच्या वाऱ्यावर निवते. आपल्याकडे यासाठी फार शोधाशोधही करावी लागत नाही. कृषी सेवा केंद्रात 75 टक्क्यांची शेडनेट मिळते. जीआय पाइपच्या चौकटीवर ती काचेपासून फूटभर उंच ताणली की आठ किलोवॅटचे दोनच्या आसपास राहतात. काचेला टेकवून मात्र टाकू नये, मधून वारा वाहिला पाहिजे. वळवाच्या वाऱ्यात नेट फाटते, म्हणून कडेला दुहेरी पट्टी आणि सोडता येतील अशा दोऱ्या हव्यात. पावसाळ्यात ती काढून ठेवावी, म्हणजे जास्त टिकते आणि थंडीत ऊनही मिळतं.

फिल्म चिकटवायची असेल तर आधी काच कोणती, ते पाहावं. गडद, शोषून घेणारी फिल्म साध्या, टफन न केलेल्या काचेवर आतून लावली तर मधला भाग तापतो, चौकटीत दबलेली कड थंड राहते, आणि त्या ताणानं काच तडकते. असा तडा बहुधा कडेपासून, कडेला काटकोनात सुरू होतो. दगड लागून फुटलेल्या काचेवर आघाताची खूण दिसते, इथं ती नसते. डोक्यावरची काच टफन केलेल्या थरांची लॅमिनेटेडच असावी, म्हणजे फुटली तरी तुकडे मधल्या थराला धरून राहतात. 2014 ची गारपीट मराठवाडा विसरलेला नाही.

आणि शेवटचा समज: एक एक्झॉस्ट पंखा लावला की काम झालं. आठ किलोवॅट उष्णता हवेबरोबर बाहेर काढायची आणि चौक बाहेरच्यापेक्षा पाचच अंश गरम ठेवायचा, तर ताशी पाच हजार घनमीटरहून जास्त हवा बदलावी लागते. बारा इंची पंखे असे तीन-चार लागतील. नेट घातल्यावर मात्र एकच पुरतो. म्हणजे आधी ऊन अडवायचं, मग हवा काढायची. हा क्रम उलटला तर पंखा फक्त वीज खातो. गरम हवा वर साठते, म्हणून बाहेरची वाट छपराच्या सगळ्यात उंच कडेला लूव्हरची हवी आणि आत येणारी खाली, सावलीच्या बाजूनं. जुन्या माळवदांना वर उघडं भोक असायचं ते काही शोभेसाठी नव्हे.

बाहेर 43 अंश असताना मात्र वारा घेऊन चौक 43 च्या खाली उतरत नाही. दुपारी खालच्या खिडक्या बंद ठेवून कूलर चालवावा आणि वरचं लूव्हर उघडं राहू द्यावं. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्यानं कूलर इथं चांगला चालतो, पण ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात चौक दमट होतो. सूर्य मावळला की सगळं उघडावं, कारण फरशी आणि भिंती दिवसभराची उष्णता रात्री सोडतात, आणि ती पहाटेपर्यंत गेली नाही तर दुसऱ्या दिवसाची सुरुवातच गरम होते.