तहान नसताना घेतलेला ग्लास

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी घोडपदेव, लालबाग, परळमधून भल्या पहाटे सीएसएमटी गाठणाऱ्या हौशी धावपटूंपैकी बहुतेकांना मुंबई मॅरेथॉन फक्त पुरी करायची असते. पेडर रोडचा चढ चालत चढायचा आणि ४२ किलोमीटर पाच-सहा तासांत संपवायचे, एवढाच बेत. त्यांना घरच्यांपासून ग्रुपमधल्या जुन्या धावपटूंपर्यंत सगळे एकच सांगतात : तहान लागायची वाट बघू नकोस, दिसेल तिथे पाणी पी. हा सल्ला सर्वांत जास्त बाधू शकतो तो याच मंडळींना. तीन तासांत धावून मोकळा होणारा पळता पळता दोन घोट घेतो. संथ धावणारा मात्र प्रत्येक टेबलापाशी थांबतो, ग्लास रिकामा करतो, आणि पिण्यासाठी त्याच्याकडे दुप्पट वेळ असतो. वेग कमी म्हणून त्याला घामही तासाला कमीच येतो.

साधा हिशोब करू. ५५ किलो वजनाच्या एका बाईंच्या शरीरात अंदाजे २७ लिटर पाणी धरू. सहा तासांत तासाला अर्धा लिटर घाम, म्हणजे तीन लिटर गेले. पण दर तासाला चार-पाच ग्लास करत त्या पाच लिटर प्यायल्या. दोन लिटर उरले. एरवी मूत्रपिंडं हे जादा पाणी काही तासांत बाहेर टाकतात. पण लांबच्या दौडीच्या ताणात, वेदनेत, मळमळीत व्हॅसोप्रेसिन हे पाणी धरून ठेवणारं संप्रेरक स्रवत राहतं आणि लघवी होत नाही. रक्तात लिटरला १४० मिलिमोल असलेलं सोडियम निव्वळ या पाण्याने १३० वर उतरतं. घामातून गेलेलं मीठ धरलं, तर १२६ च्या आसपास. निरोगी रक्तात ते १३५ ते १४५ असतं. रक्त पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं. बाकी अवयव फुगले तरी निभावतं. मेंदूला कवटीत फुगायला जागा नसते.

हा नुसता कागदी हिशोब नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा त्याहून कमी निघालं. धोका सर्वाधिक होता तो धावून आल्यावर वजन वाढलेल्यांना आणि चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना. त्याच शर्यतीत एक तरुणी याच कारणाने दगावली. दक्षिण आफ्रिकेचे क्रीडाशास्त्रज्ञ टिम नोक्स १९८५ पासून हेच सांगत होते; तरी १९९६ मध्ये अमेरिकी क्रीडावैद्यक संघटनेने तासाला ६०० ते १२०० मिलिलिटर पिण्याचा सल्ला दिला, आणि तो जगभर पसरला. त्याच संघटनेने पुढे तो बदलला. २०१५ च्या तज्ज्ञ परिषदेचा निष्कर्ष तर अगदी साधा होता : तहान लागेल तेवढंच प्या.

यावर पहिला आक्षेप मीठ-साखरेच्या पेयांचा. पाण्याऐवजी स्पोर्ट्स ड्रिंक घेतलं तर? अशा पेयात सोडियम साधारण २० च्या घरात, रक्तात १४०. म्हणजे तेही रक्त पातळच करतं, फक्त थोडं सावकाश. बोस्टनमध्येही कोणतं पेय घेतलं याने फरक पडला नव्हता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार : मुंबईची हवा दमट, उष्माघात झाला तर? मुंबईत घाम जास्त येतो हे खरं, पण घाम वाढला की तहानही वाढते; रक्त एक-दोन टक्के घट्ट झालं तरी मेंदूला ते कळतं. उष्माघात मुख्यतः शरीरात तयार होणारी उष्णता बाहेर न पडल्याने होतो, आणि त्यावर वेग कमी करणं, सावलीत थांबणं, अंगावर पाणी ओतणं हे उपाय आहेत. पोट डबडबलं असताना आणखी एक ग्लास रिचवणं हा उपाय नव्हे. तहानेलाही मर्यादा आहेत, हे मान्य. उतारवयात ती मंदावते, आणि भरपूर घाम गाळत वेगाने धावणाऱ्याला ती थोडी उशिरा सांगते. अशांनी सरावात धावण्याआधी आणि नंतर वजन करून पाहावं. किलोभर घट चालते. वाढ झाली तर पाणी जास्त झालं. धावताना आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेऊ नयेत, तीही मूत्रपिंडांना पाणी टाकू देत नाहीत.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे लक्षणं. मळमळ, डोकेदुखी, गळून जाणं हे पाणी कमी पडल्यासारखंच दिसतं, आणि भोवतालचे मदतनीस बाटली पुढे करतात. पण तोंड कोरडं नसेल, तहान नसेल, पोट फुगून उलटीत नुसतं पाणी पडत असेल, अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा सकाळपेक्षा घट्ट वाटत असेल, तर पाणी बंद करा. बरळणं, ओळख न पटणं, झटका यांपैकी काही दिसलं तर थेट रुग्णालय. आणि शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पोटातलं पाणी नंतरही रक्तात उतरत राहतं, त्यामुळे हे सारं शर्यत संपल्यावर, घरी पोहोचल्यावरही सुरू होऊ शकतं. रुग्णालयात ‘मॅरेथॉन धावले, भरपूर पाणी प्यायले’ एवढं पहिल्याच वाक्यात सांगावं. कारण थकलेल्या धावपटूला नेहमीची सलाईनची बाटली लावली जाते, आणि इथे तिने प्रकृती आणखी बिघडू शकते. आधी सोडियम तपासायचं. ते खूप उतरलेलं असून मेंदूची लक्षणं असतील, तर डॉक्टर तीन टक्के मिठाचं घट्ट सलाईन १०० मिलिलिटर देतात आणि लागल्यास दहा-दहा मिनिटांनी पुन्हा देतात.