ईमेलमधलं गणित – भाग ६ : कंसातले आकडे

गेल्या भागात घातांक आणि अपूर्णांक साध्या मजकुरात कसे लिहायचे ते पाहिलं. घातांक एका ओळीत बसतो. मॅट्रिक्समध्ये मात्र कोणता आकडा कोणाच्या खाली आहे यालाच अर्थ असतो, आणि ‘खाली’ ही गोष्ट साध्या मजकुराला ठाऊकच नसते. ती आपल्याला स्पेस मोजून उभी करावी लागते.

एक उदाहरण घेऊ. ओळी अशा : `12, -3.5, 0`, मग `4, 100.25, -7`, शेवटी `-0.5, 8, 1`. लिहायला ओळीने सुरुवात करायची नाही, आधी स्तंभ वाचायचे. पहिल्या स्तंभात दशांश एक घर आहे, म्हणून `12.0`, `4.0`, `-0.5`. उणे चिन्ह आणि दशांशाचा टिंब धरून सर्वांत लांब आकडा चार अक्षरांचा. दुसऱ्यात `100.25` मुळे सहा अक्षरं, तिसऱ्यात `-7` मुळे दोन. आता प्रत्येक आकडा आपापल्या स्तंभात उजवीकडे रेटायचा, डावीकडची उरलेली जागा स्पेसने भरायची आणि दोन स्तंभांमध्ये दोन स्पेस सोडायच्या.

```
    [ 12.0   -3.50   0 ]
A = [  4.0  100.25  -7 ]
    [ -0.5    8.00   1 ]
```

कंसापासून कंसापर्यंत प्रत्येक ओळ २० अक्षरांची भरली पाहिजे. एखादी २१ भरली तर चूक त्याच ओळीत आहे. आकडे मोजमापाचे असतील तर शून्यं जोडू नका, कारण `8.00` म्हणजे दोन घरांपर्यंत मोजलेलं असा अर्थ होतो. तिथे शून्यांऐवजी उजवीकडे स्पेस द्या, टिंब एकाखाली एक येतील तेवढ्या.

उंच कंसाचे तुकडे युनिकोडमध्ये मिळतात, पण काही फॉन्टमध्ये ते ओळींमधल्या फटीत तुटलेले दिसतात. प्रत्येक ओळीला स्वतःचा चौकटी कंस दिलेला मला बरा वाटतो. टॅब तर वापरूच नये, त्याची रुंदी वाचणाऱ्याचा प्रोग्राम ठरवतो.

हे सगळं समरुंद फॉन्टवर उभं आहे, म्हणजे कुरिअरसारख्या, जिथे प्रत्येक अक्षर सारखीच जागा घेतं. एरियलमध्ये अंक एकमेकांइतके रुंद असतात, पण स्पेस अंकाच्या निम्मी. मग वरच्या मॅट्रिक्सची मधली ओळ उजवीकडे बाहेर येते आणि सर्वांत जास्त स्पेस असलेली तिसरी ओळ आत ओढली जाते. असं दिसलं की दोष मोजण्यात नाही, फॉन्टमध्ये आहे.

वाचणाऱ्याचा फॉन्ट आपल्या हातात नसतो, म्हणून मी खाली तेच मॅट्रिक्स एका ओळीतही देतो :

```
A = [12 -3.5 0; 4 100.25 -7; -0.5 8 1]
```

ही ओळ ऑक्टेव्हमध्ये जशीच्या तशी चालते. फक्त उणे चिन्ह आकड्याला चिकटलेलं हवं. `12 - 3.5` असं सुटं लिहिलंत तर ऑक्टेव्ह वजाबाकी करून `8.5` घेतो, पहिल्या ओळीत दोनच आकडे उरतात आणि ओळी जुळत नाहीत अशी तक्रार येते.