डब्यात नक्की असतं काय?

माझी भाची अंगानं अगदी काडी. परवा तिनं वजन वाढवायच्या पावडरचा डबा आणला. "मावशी, एका ग्लासात सहाशे कॅलरी!"

मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. सहाशे हा आकडा पाव लिटर सायीच्या दुधासकट होता! नुसत्या शंभर ग्रॅम पावडरीत ३८० कॅलरी आणि १५ ग्रॅम प्रोटीन. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात. इथं पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे मक्यासारख्या धान्याच्या पिठूळ भागापासून केलेली, लगेच पचणारी भुकटी. थोडक्यात, डब्याचा मोठा हिस्सा हाच.

आता साठ ग्रॅम, म्हणजे दोन मुठी भाजलेले शेंगदाणे घ्या. त्यात साधारण ३४० कॅलरी आणि १५ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे पावडरीइतकंच. दूध तर दोन्हीकडं घरचंच! पावडर विष नाही हो, पण दाण्याच्या लाडवापेक्षा खूप महाग पडते.

खरी गंमत पुढंच. संध्याकाळी शेक प्यायल्यावर तिला रात्री भूकच लागेना. दोन भाकऱ्यांऐवजी अर्धी. मग वाढलं काय? म्हणून आता ती जेवणानंतर तासाभरानं लाडू आणि दूध घेते. रोज साडेतीनशे कॅलरी खरोखर जास्त गेल्या, तर किलोभर वाढायला तीन-चार आठवडे लागतात. त्याआधी काटा बघू नका.

मात्र नीट जेवूनही वजन उतरत असेल, तर लाडू बाजूला ठेवा आणि आधी थायरॉईड, साखर, क्षय यांची तपासणी करून घ्या.