१९३ टक्क्यांचे वर्तुळ
शिकागोच्या फॉक्स वाहिनीने नोव्हेंबर २००९ मध्ये दाखवलेल्या वृत्तालेखात, म्हणजे संपूर्ण वर्तुळ १०० टक्के मानणाऱ्या आलेखात, रिपब्लिकन पक्षाच्या पेलिन यांना ७०, हकाबी यांना ६३ आणि रॉम्नी यांना ६० टक्के पाठिंबा होता. ही बेरीज १९३ भरते. तीन आकडे पूर्णांकात आणताना बेरीज फार तर एकाने चुकते, म्हणून येथे एकाच व्यक्तीने अनेकांना पसंती दिली असणार, आणि अशा माहितीला स्तंभालेखच योग्य ठरतो. आलेखाच्या तिरप्या छायाचित्रात कोन बिघडतात, तरीही अर्ध्याहून मोठी वर्तुळपाकळी अर्ध्याहून मोठीच दिसते. येथे मात्र ७० टक्क्यांची पाकळी अर्ध्याहूनही लहान होती.