चांदी घेताना मोडीचा भाव आधी विचारा

२०२५ च्या धनत्रयोदशीला, १८ ऑक्टोबरला, चांदी घ्यायला बाहेर पडलेल्या अनेकांना दुकानात दोन वेगळ्या गोष्टी ऐकायला मिळाल्या. एक, भाव विक्रमी आहे. दुसरी, त्या विक्रमी भावातही माल मिळत नाही, हवा असेल तर वर आणखी पैसे मोजा. लंडनच्या बाजारात हातात देण्याजोग्या चांदीची तेव्हा चणचण होती आणि नेमक्या त्याच दिवसांत भारतात सणाची खरेदी उसळली होती. काही म्युच्युअल फंडांनी तर आपल्या चांदीच्या योजनांत एकरकमी नवे पैसे घेणंच काही काळ थांबवलं, कारण भारतातली चांदी जागतिक भावाच्या हिशोबापेक्षा बरीच महाग पडू लागली होती. दिवाळी सरता सरता टंचाई सैल झाली, जागतिक भाव खाली आला आणि ते वरचे पैसेही गळून पडले. ज्यांनी त्या आठवड्यात नाणी घेतली, त्यांचं नुकसान दुहेरी झालं.

घरगुती खरेदीत दुसरं नुकसान सहसा लक्षात येत नाही. टीव्हीवर, वर्तमानपत्रात दिसतो तो धातूचा भाव. ग्राहक मात्र धातूचा भाव, त्यावर घडणावळ, पॅकिंग, दुकानदाराचा नफा आणि या सगळ्यावर ३ टक्के जीएसटी देतो. विकायला गेल्यावर परत मिळतो फक्त धातूचा भाव, तोही थोडा कापून. म्हणून चांदीची छोटी गुंतवणूक फायद्याची ठरेल की नाही, हे बरंचसं खरेदीच्या दिवशीच ठरतं.

हिशोब सोपा व्हावा म्हणून शुद्ध चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरू. लक्ष्मीची प्रतिमा असलेलं १० ग्रॅमचं नाणं छान डबीत मिळतं. त्यात धातू १,००० रुपयांचा. दुकानदाराने घडणावळ आणि पॅकिंगचे २०० रुपये लावले, तर १,२०० रुपये झाले. त्यावर ३ टक्के जीएसटी ३६ रुपये, म्हणजे ग्राहकाच्या खिशातून गेले १,२३६. तेच नाणं दुसऱ्या दिवशी मोडायला नेलं आणि सराफाने ३ टक्के कापले, तर हातात येतील ९७०. घातलेले पैसे नुसते परत मिळायलाही चांदीचा भाव १०० वरून १२७ च्या पुढे जायला हवा.

आता एक किलोची वीट घ्या. धातू एक लाखाचा, वर २ टक्के, मग जीएसटी. एकूण १,०५,०६० रुपये. मोडताना २ टक्के कापले तर ९८,००० मिळतील. इथे भाव १०७ च्या थोडा वर गेला की बरोबरी होते. शंभर ग्रॅमच्या विटेवर ६ टक्के जादा आणि मोडताना ३ टक्के कपात धरली, तर हाच आकडा ११२-११३ च्या आसपास येतो. घडणावळ आणि कपात दुकानागणिक बदलते, त्यामुळे ही टक्केवारी नमुन्यादाखल समजावी. पण उतरंड बहुतेक ठिकाणी अशीच दिसते: तुकडा जितका लहान, तितकी ग्रॅममागे घडणावळ जास्त. कारण साधं आहे. १० ग्रॅमचं नाणं पाडायला, तपासायला, सीलबंद करायला जी मेहनत लागते, ती १०० ग्रॅमच्या तुकड्याला दहापट लागत नाही.

म्हणून दर महिन्याला एक छोटं नाणं घेण्याची सवय शिस्तीची असली, तरी महाग आहे. तेच पैसे साठवून वर्षातून एकदा १०० ग्रॅमचा तुकडा घेतला, तर वर्षभरातल्या भावाचे चढउतार झेलावे लागतील हे खरं. पण घडणावळीत जाणारा पैसा निश्चित वाचतो.

खरेदीच्या दिवशी काउंटरवर एक प्रश्न आवर्जून विचारावा: "काका, हेच नाणं मी आज तुम्हाला परत दिलं तर किती द्याल?" ज्याच्याकडे मोडीचा भाव ठरलेला आहे, तो सराफ लगेच सांगतो. काही जण आपल्या दुकानातल्या मालाला पूर्ण धातूभाव देतात, बाहेरच्या मालाला कपात लावतात. काही जण रोख देत नाहीत, फक्त बदल्यात दुसरा दागिना देतात. हे तीन वेगळे सौदे आहेत आणि पाटीवरचा भाव तिघांचाही सारखाच असतो. उत्तराच्या शेजारी त्या दिवसाचा मुंबईच्या इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा भाव ठेवून पाहावा. तो ९९९ शुद्धतेच्या एक किलो चांदीचा असतो आणि त्यात जीएसटी धरलेला नसतो. दुकानदार वर किती घेतो आणि खाली किती कापतो, हे मग मिनिटभरात कळतं.

शुद्धतेचं गणित आकड्यांत वाचायचं असतं. ९९९ म्हणजे हजार भागांत ९९९ भाग चांदी. तिलाच बाजारात चोख म्हणतात. ९२५ मध्ये साडेसात टक्के दुसरा धातू, बहुधा तांबं असतं. तो दागिन्याला कणखरपणा देतो, पण गुंतवणुकीत त्याचा उपयोग नाही. पावतीवर ९२५ चा माल आणि हिशोबात ९९९ चा भाव असेल, तर तिथेच थांबावं. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक जोडला गेला. तो 'बीआयएस केअर' या अॅपवर टाकून पडताळता येतो. मात्र चांदीसाठी ही व्यवस्था सुरू झाली ती ऐच्छिक स्वरूपात, सोन्यासारखी सक्तीने नाही. त्यामुळे शिक्का नाही म्हणून माल खोटाच असं होत नाही. तशा वेळी टांकसाळीचं किंवा शुद्धीकरण कारखान्याचं नाव, वजन, शुद्धता आणि विटेवरचा अनुक्रमांक यांवर विसंबावं लागतं.

सुट्या, सील नसलेल्या तुकड्याची घरी एक चाचणी करता येते. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्यावा. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. मग चांदीचा तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही, असा अधांतरी धरावा. काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे तुकड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. शुद्ध चांदीच्या १०० ग्रॅमला तो साधारण ९.५ यायला हवा. जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदी मुळीच नसते, ११.५ च्या आसपास दाखवेल. आत शिसं भरलेला तुकडा ९ च्या खाली उतरेल.

या चाचणीची मर्यादाही ओळखून असावं. ९२५ ची चांदी ९.६ ते ९.७ दाखवते. घरच्या काट्यावर आणि थरथरत्या हातात एवढा फरक पकडता येत नाही. म्हणजे उघड फसवणूक सापडते, कमअस्सल टंच सापडत नाही. त्यासाठी हॉलमार्किंग केंद्रात किंवा सराफाकडे क्ष-किरणांच्या यंत्राखाली टंच काढून घ्यावा. तेही यंत्र वरचा पातळ थरच वाचतं, त्यामुळे जाड मुलामा त्याला चकवू शकतो. जाडजूड विटेच्या बाबतीत म्हणूनच सराफ कधी कधी कोपरा कापून किंवा आटवून पाहतो. यंत्र आणि पाणी या दोन्ही परीक्षांत उतरलेला तुकडा खोटा असण्याची शक्यता फारच थोडी.

लक्ष्मीपूजनात ठेवले जाणारे जुने रुपये हा वेगळा विषय आहे. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या छापाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा. त्यात चांदी सुमारे ९१.७ टक्के, म्हणजे १०.७ ग्रॅम. पण १९४० पासून चांदी निम्म्यावर आणली गेली, त्यामुळे सहाव्या जॉर्जच्या त्यानंतरच्या रुपयात ती ५.८ ग्रॅमच्या आसपासच आहे. वर्षाकडे न पाहता 'जुना चांदीचा रुपया' म्हणून दोन्हींना एकच किंमत देणारा ग्राहक फसतो. शिवाय या नाण्यांच्या नकला उदंड आहेत. एखादं वर्ष किंवा टांकसाळ दुर्मीळ असेल तर संग्राहक धातूच्या कितीतरी पट देतो. म्हणून जुनं नाणं जाणकाराला दाखवण्याआधी घासूनपुसून चकचकीत करू नये. त्याने संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते.

साठवणुकीत पहिली अडचण जागेची. सोन्याचा भाव चांदीच्या ८० पट आहे असं धरलं, तर १०० ग्रॅम सोन्याच्या किमतीत आठ किलो चांदी येते. चांदी हलकीही असते, त्यामुळे ती सोन्याच्या जवळजवळ दीडशे पट जागा व्यापते. थोड्या किलोंच्या पुढे गेल्यावर लॉकरचं भाडं नफ्यातून वजा करूनच बघायला हवं. आणि लॉकरमध्ये ठेवलं म्हणजे पूर्ण भरपाईची हमी मिळाली, असंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच असते.

दुसरी अडचण काळवंडण्याची. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. त्याने चांदीचं वजन किंवा टंच घटत नाही, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. पावडरीने घासलं तर मात्र थोडी चांदी खरोखरच जाते. नाण्यांच्या गड्डीला रबर बँड लावू नये, लोकरीत गुंडाळू नये, कारण गंधक तिथेच असतं. मूळ सीलबंद पाकीट हवाबंद डब्यात ठेवलं की पुरे. सील शाबूत असेल आणि पावती सोबत असेल, तर मोडीच्या वेळी घासाघीसही कमी होते.

विकण्याऐवजी तारण ठेवायची वेळ आली, तर नाणं आणि वीट यांच्यात मोठा फरक पडतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे चांदीच्या दागिन्यांवर आणि नाण्यांवर कर्ज देता येतं, नाण्यांसाठी प्रत्येक कर्जदाराला ५०० ग्रॅमची मर्यादा आहे. विटेवर मात्र कर्ज नाही. ही व्यवस्था १ एप्रिल २०२६ पर्यंत लागू करायची होती. अडीअडचणीला उपयोगी पडावी म्हणून जो चांदी घेतो, त्याने थोडी तरी चांदी नाण्यांत ठेवावी. बाकीची १०० ग्रॅम आणि त्याहून मोठ्या तुकड्यांत. १० ग्रॅमचं सुबक नाणं बारशाला, लग्नाला आहेर म्हणून जरूर द्यावं, पण त्याला गुंतवणूक समजू नये.

विकताना सराफ जीएसटी परत देत नाही, पण नफ्यावर आयकर लागतो. चांदी २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर साडेबारा टक्के, त्याआधी विकली तर आपल्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार. नफा काढायला खरेदीची किंमत दाखवावी लागते. म्हणून पावती पक्कीच घ्या, तिच्यावर वजन, शुद्धता, त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या, आणि घरातल्या आणखी एका माणसाला ती कुठे ठेवली आहे ते सांगून ठेवा.